खांद्याच्या अर्ध्या ओळींत पडणारी भोके

स्वेटरचा खांदा उतरता करण्यासाठी अर्ध्या ओळी विणते, पण सुई वळवते तिथे भोक दिसते. काय करू?

सुई वळवते तिथे शेजारच्या दोन टाक्यांच्या उंचीत दोन ओळींचा फरक पडतो आणि त्यांना जोडणारा धागा नसतो, म्हणून भोक दिसते. महाद्वार रोडवरून आणलेल्या लोकरीचे स्वेटर कोल्हापुरातल्या माझ्या घरी विणताना मी वळणावर जोडटाका घालते.

समजा, खांद्याचे 24 टाके आहेत. गळ्याकडून सुलट विणत बाहीकडचे 6 टाके शिल्लक ठेवून काम वळवावे, धागा पुढे घेऊन पहिला टाका न विणता उचलावा, आणि त्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर दिसेपर्यंत धागा सुईवरून मागे घट्ट ओढावा; हाच जोडटाका. मग धागा सुयांमधून पुन्हा पुढे आणून उलट विणत परतावे. पुढच्या फेऱ्यांत 12 आणि मग 18 टाके सोडावेत. मोजताना जोडटाका एकच धरावा, इथेच बहुतेकींची गफलत होते. शेवटी सर्व 24 टाके सुलट विणताना जोडटाक्याचे दोन्ही पाय एकत्र विणावेत.

10 सेंटिमीटरमध्ये 28 ओळी बसत असतील, तर हा उतार सुमारे 2 सेंटिमीटर येतो. तरीही फट दिसली, तर वळणावरचा धागा सैल राहिला असे समजावे.

छातीच्या उभारासाठी अर्ध्या ओळी विणायच्या असतील, तर मात्र फक्त पुढच्या भागात, दोन्ही बाजूंनी वळावे आणि वळणे उभारापर्यंत न नेता 2-3 सेंटिमीटर अलीकडेच थांबवावीत.