मोठा प्रोजेक्ट नाकारताना छोटी भूमिका नीट आखून दे

मॅनेजरनी लीड व्हायला विचारलं की लगेच हो-नाही म्हणू नकोस. "उद्या सांगतो" म्हण आणि त्या रात्री हातातल्या कामांचे आठवड्याचे तास लिहून काढ. समज, चालू रिलीज 25, सपोर्ट 10, नवीन मुलाचं ट्रेनिंग 5. झाले 40. लीडला मीटिंगा आणि पाठपुरावा धरून निदान 15 तास लागतील, ते यातून निघत नाहीत. हा हिशेब समोर ठेवलास की बोलणं तुझ्या उत्साहावर न जाता कामावर राहतं.

दुसऱ्या दिवशी बोलताना नकार मात्र पहिल्याच वाक्यात दे. "बघतो, जमवतो" याचा अर्थ समोरचा होकारच घेतो.

मग असं म्हण: "मॅडम, रिलीज होईपर्यंत मला लीड घेता येणार नाही, घेतलं तर दोन्ही कामं रखडतील. पण डेटा मायग्रेशनचा आराखडा मी तपासून देतो. आठवड्याला 4 तास, सहा आठवडे. लीड कोणी दुसरं असावं."

शेवटचं वाक्य गाळू नकोस, माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. लीडची जागा रिकामी राहिली तर प्रश्न आपोआप तुझ्याकडे येतात. स्टेटस तुलाच विचारू लागले, तारखा तुझ्याकडून मागू लागले, की समज, नावाला सल्लागार आणि कामाला लीड झालास. तेव्हा लगेच मॅडमना विचार, "लीड कोण ठरलं?" ठरलेलं सगळं त्याच दिवशी ईमेलवर टाक.

आणि त्या म्हणाल्या, "तूच हवास", तर रिलीज किंवा सपोर्ट यातलं काय काढून घेणार, ते विचार.