साडीला फॉल लावण्यापासून सुरुवात कर

घरबसल्या कमाईसाठी जेवणाचे डबे द्यावेत की साड्यांना फॉल लावावेत, असं विचारलंस. तुझी मुलं दोन आणि चार वर्षांची, मग डब्यांच्या मागे लागू नकोस. डबा वेळेवरच जावा लागतो, मूल तापलं तरी. फॉल लावणं कधीही अर्धं ठेवता येतं. हातशिलाईला साडीमागे पाऊण-एक तास धर. मुलं झोपली की दिवसाला दोन साड्या, त्याहून जास्त घेऊ नकोस. समजा शंभर रुपये घेतलेस, तर फॉल-दोरा वजा जाता सत्तर उरतात. महिन्याला चाळीस साड्या झाल्या तर अठ्ठावीसशे. सुरुवातीला तेवढ्याही येणार नाहीत. लग्नसराईत रांग लागते, पौषात शुकशुकाट.

सुती फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लाव. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात. गिऱ्हाईक परत येत नाही, वर चार जणींना सांगतं. पिकोचं मशीन इतक्यात नको, ते काम बाहेरून करून घे.