पतिपत्नी-स्थान म्हणजे सप्तम स्थान नव्हे

प्रश्न : झी वेई डोऊ शू या चिनी पत्रिकेत ‘स्पाउस पॅलेस’ असतो. म्हणजे आपलं सप्तम स्थानच ना? मराठीत काय म्हणावं? आणि जोडीदार कसा, लग्न कधी हे त्यावरून नेमकं कसं सांगतात?

‘पतिपत्नी-स्थान’ म्हणा, ‘सप्तम’ म्हणू नका. चिनी नाव फू-छी कुंग. फू म्हणजे नवरा, छी म्हणजे बायको. कुंगचा एरवीचा अर्थ राजवाडा असला, तरी राशीचक्राच्या बारा भागांनाही चिनीत कुंगच म्हणतात. त्यामुळे आपला ‘स्थान’ हा शब्द इथे नीट बसतो आणि ‘महाल’ची गरज उरत नाही. पद्धतीच्या नावाचा उच्चार ‘त्स-वेइ तोऊ-शू’च्या जवळ जातो.

‘सप्तम’ का नको? आपल्याकडे सप्तम स्थान लग्नस्थानाच्या म्हणजे पहिल्या स्थानाच्या बरोबर समोर येतं. चिनी पत्रिकेत मुख्य स्थानाच्या म्हणजे मिंग-कुंगच्या (याला जीवन-स्थान म्हणू) समोर प्रवासाचं स्थान असतं. पतिपत्नी-स्थान उलट्या क्रमाने मोजल्यावर तिसरं येतं: जीवन, भावंडं, पतिपत्नी. त्याच्या समोर येतं नोकरी-व्यवसायाचं स्थान. लग्न आणि काम एकमेकांकडे तोंड करून बसलेले असल्यामुळे पतिपत्नी-स्थान वाचणारा कामाचं स्थान पाहिल्याशिवाय काही बोलत नाही.

दुसरा फरक याहून मोठा. ही पत्रिका आकाशात पाहून मांडत नाहीत. तिच्यात थाय-यांग (सूर्य) आणि थाय-यिन (चंद्र) या नावांचे तारे आहेत, पण त्यांचा त्या दिवशीच्या खऱ्या सूर्यचंद्राच्या जागेशी संबंध नाही. चौदा मुख्य तारे चांद्र तारीख, महिना, वर्ष आणि जन्माचा प्रहर यांच्या हिशोबाने बारा घरांत टाकले जातात. दिवसाचे बारा प्रहर प्रत्येकी दोन तासांचे, आणि पहिला उंदीर-प्रहर रात्री 11 ला सुरू होतो. घरांनाही त्याच बारा प्राण्यांची नावं आहेत: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर.

एक पत्रिका मांडून पाहू. शांघायमध्ये 11 जून 1987 रोजी सकाळी 7:40 ला जन्मलेली मुलगी, ही आपली कल्पित जातक. वर्ष सशाचं, चिनी महिना पाचवा, तारीख 16. आपल्या पंचांगात हा ज्येष्ठ पौर्णिमेचा सुमार. दोन्ही महिने अमावास्येशी सुरू होतात, म्हणून तिथीच तारीख म्हणून वापरायचा मोह होतो, पण तसं करू नये. चिनी तारीख म्हणजे नुसते मोजलेले दिवस, तिच्यात क्षय किंवा वृद्धी नसते. इथे 16 च्या जागी 15 धरलं, तर राजतारा त्स-वेइ एक घर मागे जातो आणि उरलेले तेराही हलतात. अधिक महिनेही जुळतीलच असं नाही: 2023 मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण होता, तर चीनमध्ये दुसरा महिना दोनदा आला.

आता जीवन-स्थान. वाघाचं घर पहिला महिना धरून पुढे मोजायचं, पाचवा महिना घोड्यावर येतो. त्या घोड्याला उंदीर-प्रहर मानून जन्मप्रहरापर्यंत मागे यायचं. 7:40 म्हणजे ड्रॅगन-प्रहर (7 ते 9), पाचवा. घोडा, साप, ड्रॅगन, ससा, वाघ. जीवन-स्थान वाघात, म्हणून पतिपत्नी-स्थान उंदरात.

पुढे वर्ष आणि जीवन-स्थान यांवरून 2 ते 6 मधला एक अंक कोष्टकातून मिळतो. इथे तो 4, ‘धातू-चार’. तारीख 16 ला 4 ने भागलं की 4 येतात आणि बाकी उरत नाही. वाघापासून चार घरं मोजली की त्स-वेइ हा राजतारा सापाच्या घरात पडतो. बाकी उरली असती, तर पुढच्या पूर्ण भागाकारासाठी जितके दिवस कमी पडतात तितकी घरं सरकावी लागली असती: आकडा सम असेल तर पुढे, विषम असेल तर मागे. राजतारा बसला की उरलेले तेरा ठरलेल्या अंतरावर आपोआप बसतात.

उंदराच्या घरात येतात थ्येन-थुंग आणि थाय-यिन. पहिला शांत, सुखासीन, भांडण टाळणारा. दुसरा चंद्र: मऊ स्वभाव, घर सांभाळणं, पैसा साठवणं. हा चंद्र उंदराच्या घरात, म्हणजे मध्यरात्रीच्या घरात, अतिशय तेजस्वी मानतात. घोड्यात तो मंद धरला असता आणि त्याच शब्दांचं वर्णन उतरत्या सुरात झालं असतं.

शिवाय वर्षाच्या दोन अक्षरी चिनी नावातल्या पहिल्या अक्षरावरून चार ताऱ्यांवर चार शिक्के बसतात: लाभ, सत्ता, कीर्ती आणि अडथळा. 1987 चं अक्षर तिंग. त्यात लाभ थाय-यिनला आणि सत्ता थ्येन-थुंगला मिळते, म्हणजे दोन्ही शिक्के याच घरात. त्यावर कडी म्हणजे लग्नाचा खास तारा हुंग-लुआनही सशाच्या वर्षी उंदरातच असतो. पतिपत्नी-स्थान याहून सुरेख क्वचितच सापडेल. वाचणारा सांगेल: प्रेमळ, कमावता, घरात रमणारा नवरा. मात्र अडथळ्याचा शिक्का च्यू-मन या वाणीच्या ताऱ्यावर आहे आणि तो तारा जीवन-स्थानात बसला आहे. म्हणजे कुरबुर झालीच तर ती हिच्या जिभेमुळे. पतिपत्नी-स्थान जोडीदाराचं वर्णन करतं खरं, पण तो आपल्याला कसा भेटतो आणि कसा वाटतो हेच त्यातून वाचायचं असतं.

इतकं सगळं वाचून झालं, आणि ते चुकीचं आहे. चीनमध्ये 1986 ते 1991 या वर्षांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करत असत. 11 जून 1987 चे 7:40 म्हणजे खरे 6:40, ससा-प्रहर. मागे मोजताना एक घर कमी होतं. जीवन-स्थान वाघातून सशात येतं आणि पतिपत्नी-स्थान बैलात. अंक 4 च राहतो, राजताराही सापातच, म्हणजे मुख्य तारे जागचे हलत नाहीत. फक्त घरांवरच्या पाट्या बदलतात. हुंग-लुआनसह ते सुरेख घर आता संततीचं झालं.

बैलात आहेत वू-छ्यू आणि थान-लांग. वू-छ्यू पैशाचा, धातूचा तारा: रोखठोक, कामाचा, गोड बोलणं न जमणारा. थान-लांग हौशी, माणसांत रमणारा, हवंहवंसं वाटत राहणारा. या जोडीबद्दल जुना ठोकताळा असा की ती तरुणपणी फळत नाही, तिशीनंतर फळते. पतिपत्नी-स्थानात तिचा अर्थ ‘लग्न उशिरा केलेलं बरं’ असा लावतात. समोरच्या कामाच्या स्थानात एकही मुख्य तारा नाही आणि तिथे ‘धारदार यांग’ हा त्रासदायक मानलेला तारा आहे, म्हणून नोकरीतला ताण घरात येतो असं म्हणतील. नवराही निराळाच निघाला: कर्तबगार, फिरता, घरी कमी.

एका तासाने एवढा फरक पडतो. म्हणून पत्रिका काढून देणारं ॲप उन्हाळी वेळेबद्दल विचारतं का, ते आधी बघावं. ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रहराच्या कडेची वेळ. जन्म 7 च्या किंवा 9 च्या आगेमागे अर्धा-पाऊण तास असेल, तर दोन्ही पत्रिका काढून ठेवाव्यात आणि आधी जीवन-स्थानाचं वर्णन माणसाशी जुळतं का ते पाहावं. आवडणाऱ्या नवऱ्याची पत्रिका निवडणं हा लबाडीचा मार्ग झाला, पण चालतो तोच जास्त.

रिकाम्या घराबद्दलही नेहमी गैरसमज होतो. या पत्रिकेत बारांपैकी चार घरं मुख्य ताऱ्यांवाचून आहेत, कारण काही तारे जोडीने बसतात. पतिपत्नी-स्थान रिकामं म्हणजे लग्नच नाही, असं नसतं. समोरच्या घरातले तारे उसने घेऊन वाचतात, फक्त त्यांचा जोर कमी धरतात. आपल्या सप्तमेशासारखा स्थानाचा स्वामी इथे शोधू नये.

आता ‘लग्न कधी’. आयुष्याचे दहा-दहा वर्षांचे टप्पे पडतात आणि पहिला टप्पा त्या अंकाइतक्या वयाला सुरू होतो, इथे चौथ्या वर्षी. वय चिनी रीतीने मोजायचं, जन्मताच एक. तिंग हे यिन म्हणजे स्त्रीगुणाचं अक्षर आणि जातकही स्त्री, म्हणून टप्पे पुढे सरकतात: ससा 4 ते 13, ड्रॅगन 14 ते 23, साप 24 ते 33, घोडा 34 ते 43. त्या त्या टप्प्याचं घर तात्पुरतं जीवन-स्थान मानतात आणि त्याच्या मागे दोन घरांवर त्या दशकाचं पतिपत्नी-स्थान धरतात. 34 ते 43 मध्ये (म्हणजे 2020 ते 2029) ते ड्रॅगनमध्ये येतं. तिथल्या थ्येन-ची या ताऱ्यावर जन्माचा कीर्तीचा शिक्का आहे आणि दशकाचा सत्तेचाही पडतो. शिवाय टप्प्याच्या घोड्याच्या घरासमोर हुंग-लुआनचं उंदराचं घर आहे. म्हणून वाचणारा याच दशकावर बोट ठेवील. ते ‘उशिरा लग्न’ या ठोकताळ्याशी जुळतंही. पण दहा वर्षांची खिडकी, त्यात दरवर्षाचे नवे शिक्के, एवढी मोकळीक असल्यावर झालेलं लग्न मागाहून बसवून दाखवणं कुणालाही जमतं. लग्नाआधी लिहून ठेवलेलं वर्ष बरोबर आलं, तरच ते मोजावं.

मुंबईत जन्मलेल्यांनी आणखी एक बघावं. बरेच जाणकार घड्याळाऐवजी स्थानिक सूर्यवेळ धरतात. मुंबईची सूर्यवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे 39 मिनिटं मागे असते. सकाळी 7:20 चा जन्म या हिशोबाने 6:41 चा होतो, आणि ड्रॅगन-प्रहराऐवजी ससा-प्रहर लागून पतिपत्नी-स्थान तिथेही एक घर सरकतं.