थंडीच्या हुडीची जाहिरात लिहिताना

तुम्ही पाठवलेल्या हुडीच्या जाहिरातीच्या मसुद्यात ‘उबदार’ पाच वेळा आलंय आणि तरी ऊब जाणवत नाही. हा शब्द निष्कर्ष सांगतो, स्पर्श नाही. ऊब शरीराच्या एखाद्या जागी लागते: मान, मनगट, कानाची पाळी. एक जागा निवडा आणि एक वेळ.

लिहिण्याआधी नमुना हातात घ्या. ३२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ३२० ग्रॅम भरणाऱ्या कापडाची, आतून ब्रश केलेली फ्लीस हुडी असेल तर ती उलटी करा. ब्रशिंगमुळे वर आलेली लव हवा धरून ठेवते, ऊब तिच्यामुळेच टिकते. आता खिशात हात घाला. खिशाचं कापड पुष्कळदा आतून गुळगुळीत असतं, मग ‘बोटांना मऊ लव लागते’ हे वाक्य खोटं ठरतं आणि माल परत येतो.

लव फक्त अंगाला लागत असेल, तर असं लिहा: ‘निफाडची पहाट. हुडी डोक्यावरून ओढली, आतली लव मानेला लागली आणि आखडलेले खांदे सैल झाले.’ खाली साध्या शब्दांत कापड, जीएसएम, धुण्याची पद्धत द्या.

पॉलिएस्टर फ्लीसला ‘लोकरी ऊब’ म्हणू नका, ग्राहक ती लोकर समजतो. दुचाकीचं दृश्यही टाळा. साध्या फ्लीसमधून वारा आरपार जातो, म्हणून ‘वर विंडचीटर घाला’ असं स्पष्ट लिहा. बाल्कनीतला वाफाळता चहा चालेल, पण तो इतका वापरला गेलाय की मी तरी शेकोटीचा धूर किंवा गार फरशी निवडेन.