सूर लागला की हात सैल सोड

वेंगुर्ला, श्रावणातला शुक्रवार

बाय,

तुझा निरोप काल रात्री दोनदा वाचला. गणपतीतल्या कार्यक्रमाला तीन आठवडे राहिलेत, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, कॉलेजातला तुझा मित्र म्हणतो दुखल्याशिवाय हात बसत नाही आणि आई म्हणते गिटार माळ्यावर टाक. कोणाचं ऐकू, असं तू विचारलंयस. दोघांचंही ऐकू नकोस. हात बसतो तो तीच हालचाल हलक्या हाताने शंभरदा केल्यावर. कळ सोसून बसवलेला हात कळीसकटच बसतो, आणि मग ती काढायला वर्ष जातं.

आधी दुखणं कुठलं ते बघू. अंगठा मुठीत घे, बाकीची बोटं त्याच्यावर मिट आणि मनगट हळूच करंगळीकडे कलव. एकदाच कर, जोर लावू नकोस. अंगठ्याच्या बाजूला मनगटापाशी चटका बसला, तर अंगठा उचलणाऱ्या दोन शिरा तिथे ज्या अरुंद नळीतून जातात ती नळी चिडलेली असण्याची शक्यता मोठी. डॉक्टर याला डी क्वेरव्हेन म्हणतात. मनगट वाकलेलं असताना अंगठा सतत आवळून धरला, की त्या शिरा नळीत घासतात, नळी जाड होते आणि आणखी घासते. तू लिहिलंयस की गिटारपेक्षा विळीवर नारळ खवताना जास्त दुखतं. ते मला मुळीच नवल वाटलं नाही, कारण खवताना मनगट तसंच कलतं आणि अंगठा तसाच आवळलेला असतो. मोबाईलवर तासभर बोट फिरवतेस तोही तोच अंगठा. त्याला दिवसभरात सुट्टी कधी मिळते, सांग बघू.

पण मला खरा संशय तुझ्या गिटारचा आहे. मे महिन्यात तू माझ्याकडे एफ कॉर्ड वाजवून गेलीस, तेव्हा सूर जरा फुटत होता, पण कळ नव्हती. जुलैत ती सुरू झाली. मधे काय झालं? पाऊस झाला. आपल्याकडच्या पावसात लाकूड ओल पितं, गिटारचा पुढचा फळा फुगतो, त्याच्यावरचा ब्रिज वर येतो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. तुला वाटलं आपला हात कमी पडतोय, म्हणून तू जास्त दाबलंस. वाद्य जड झालं आणि त्याची भरपाई तुझ्या अंगठ्याने केली.

आज एक स्टीलची पट्टी घे. बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोज. अडीच मिलिमीटरच्या आसपास असलं तर ठीक, बारीक तारेला दोनपेक्षा कमी हवं. जाड तारेला तीनच्या वर गेलं असेल, तर एफ बसवायचा हट्ट आजच्या आज सोड आणि गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे ने. ट्रस रॉड स्वतः पिळू नकोस. बाराच्या तारा असतील तर त्या काढून अकराच्या किंवा दहाच्या लाव. आणि समुद्राकडच्या भिंतीवर ती टांगू नकोस, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव.

हे मी इतक्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. तुझ्या वयाचा असताना मी एका हॉलमधल्या जुन्या पियानोवर शिकायचो. ग्रेडची परीक्षा जवळ आलेली आणि भर पावसात पियानोच्या पट्ट्या फुगून जड झालेल्या. दाबली की पट्टी सावकाश वर यायची, काही तर अडकूनच बसायच्या. मी ताकद लावायला लागलो. बसायला शाळेची बुटकी लाकडी खुर्ची होती, त्यामुळे कोपर पट्ट्यांच्या खाली आणि मनगट लोंबलेलं. पंधरा दिवस आजारी होतो म्हणून रियाज बंद पडला होता, तो भरून काढायला एका आठवड्यात रोज पाच तास बसलो. ऑक्टेव्हचे तुकडे होते. हात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला, आणि एका ऑक्टेव्हकडून दुसऱ्याकडे जातानाही तसाच ताणलेला ठेवायचा. चौथ्या दिवशी कोपराखाली आग व्हायला लागली. शिकवणारे म्हणाले, आग होते म्हणजे जोर येतोय. मी विश्वास ठेवला. परीक्षा दिली, पासही झालो. त्यानंतर दोन वर्षं मला उजव्या हाताने दाराची कडी नीट उघडता आली नाही. आजही मी ऑक्टेव्ह वाजवू शकत नाही, एवढं सांगितलं की पुरे.

पुढे कळलं ते फार साधं होतं. पियानोची पट्टी खाली जाते जेमतेम दहा मिलिमीटर. ती अगदी तळाला टेकायच्या जरा आधीच हातोडी सुटून तारेवर गेलेली असते. म्हणजे पट्टी तळाला लागल्यावर मी जे दाबत राहायचो, त्याचा सुराशी काही संबंध नव्हता. सूर आधीच झालेला असायचा. पट्टी वर येऊ नये एवढं बोटाचं वजन पुरतं, बाकीचं सगळं माझ्या हातात साठत होतं.

गिटारचंही तेच. म्हणून एवढंच सांगतो आणि परत परत सांगणार आहे: सूर लागला की हात सैल सोड. फ्रेटच्या अगदी मागे, जवळजवळ तिला टेकून बोट ठेव, पण दाबू नकोस. तार छेड. थप्प असा मुका आवाज येईल. आता छेडत छेडत अगदी थोडा दाब वाढव. आधी खरखर येईल, मग एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथे थांब. तुला लागतो तो दाब एवढाच. बहुतेक जण याच्यापेक्षा बरंच जास्त दाबतात आणि त्यांना कळतही नाही, कारण जास्त दाबल्याने सूर जरासा चढतो, पण तो सहज कानाला जाणवत नाही. हा प्रयोग दहा मिनिटं रोज कर, प्रत्येक बोटाने. आणि प्रत्येक स्वरानंतर बोट तारेवरच राहू दे, पण दाब काढ. बोट उचलायचं नाही, फक्त सोडायचं. तुझ्याकडच्या होड्या बघतेस ना, वल्हवणारा पाणी मारल्यावर वल्हं उचलतो तेव्हा त्याचा खांदा विसावतो, म्हणून तो सकाळभर वल्हवू शकतो. दाबून धरलेलं वल्हं कोणी चालवत नाही.

एफसारख्या बार कॉर्डमधे, म्हणजे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं असतं तिथे, सोडणं कठीण, कारण तिथे अंगठा आणि पहिलं बोट चिमट्यासारखे एकमेकांना आवळतात. आता हे करून बघ. गिटार नीट मांडीवर घे, उजवा हात तिच्या अंगावर टेकव आणि अंगठा मानेवरून पूर्ण काढ. आता फक्त डाव्या हाताच्या वजनाने, कोपर जरा मागे ओढून, बार दाब. लागतो की नाही? बारला अंगठ्याची ताकद लागत नाही, दंडाचं वजन लागतं. नंतर अंगठा परत ठेव, पण नुसता टेकायला. पहिलं बोट सपाट ठेवू नकोस, अंगठ्याकडच्या हाडाच्या कडेवर जरासं कलव. आणि एफ पहिल्या फ्रेटवर शिकू नकोस, तोच आकार पाचव्या फ्रेटवर धर. पहिल्या फ्रेटशेजारी नट असतो, तिथे तार सगळ्यात ताठ लागते. पाचव्यावर जमलं की एकेक फ्रेट खाली ये.

मनगट वाचवायला गिटारला पट्टा लाव, बसून वाजवतानाही. गिटारची मान वर येऊ दे, तिचं डोकं खांद्याच्या उंचीला. तू गिटार आडवी मांडीवर ठेवून मान वाकवून बघत बसतेस, मग मनगट आत वाकतं. मी हे मे महिन्यात सांगितलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, असं बसलं की फोटो बरा येत नाही. फोटोसाठी मनगट घालवू नकोस ग.

आता पुढचे तीन आठवडे. पहिले तीन दिवस बार बंद, खवणं आईकडे, मोबाईल दुसऱ्या हातात. चौथ्या दिवसापासून पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, पाचव्या फ्रेटपासून एकेक स्वर, सावकाश. भांडी घासून हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धर. गार बोटं मागे ओढून ताणू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ नसेल, तर दर दोन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढव. सकाळी कळ असेल, तर एक पायरी खाली. वीस मिनिटांच्या वर सलग वाजवायचंच नाही. वीस झाली की पाच मिनिटं गिटार बाजूला, हात मांडीवर मोकळे, आणि या पाच मिनिटांत मोबाईल नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा सूज आली, पकड सुटायला लागली, रात्री बोटांना मुंग्या आल्या, तर कुडाळला किंवा सावंतवाडीला हाडांच्या डॉक्टरांना दाखव. वेदनेची गोळी घेऊन वाजवायला बसू नकोस. गोळी कळ झाकते, घासणं थांबवत नाही.

लोक मला यावरून बोलतात. एका मुलाची आई वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "मास्तर, पोरगो वाजवता थोडा नि बसता जास्त." तिने त्याला काढून दुसरीकडे घातला. तो आता माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा वेगाने वाजवतो, हेही मला माहीत आहे. तरीसुद्धा मी वीस मिनिटांनी घड्याळ लावतो आणि लावणारच. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर 1964 च्या सुमाराला उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गमावून बसला, ती आपोआप आत वळायची. त्याला झालं ते डिस्टोनिया, तुझं दुखणं वेगळं. पण पहिल्या खुणा दिसल्या तेव्हा त्याने आणखी जोरात रियाज केला, ही गोष्ट मी वाचली आणि रात्रभर झोपलो नाही. मला माझी ती बुटकी खुर्ची दिसत होती. तेव्हा एखाद्या मोठ्या माणसाने येऊन घड्याळ लावलं असतं, तर मी त्याच्यावर रागावलो असतो. तूही रागाव, चालेल.

कार्यक्रमात एफ लागणारं गाणं दुसऱ्या स्केलमधे घेता येतं का ते बघ. नाहीतर कॅपो तिसऱ्या फ्रेटला लावून डीचे आकार धरलेस तर एफचाच सूर मिळतो, आणि एफसाठी बार लागत नाही. गायला कोण आहे त्याचा आवाज कुठे बसतो ते मला कळव.

रविवारी सकाळची एसटी पकडून ये. गिटार, पट्टा आणि ती स्टीलची पट्टी घेऊन ये. मी तारा काढून ठेवलेल्या आहेत.

तुझा,
सर