१.६१८ चं टार्गेट आणि आमचे साडू

प्रश्न: "फिबोनाचीचं रिट्रेसमेंट आणि एक्स्टेन्शन यात नेमका फरक काय? ब्रेकआउट झाल्यावर १.६१८ चं टार्गेट कितपत धरायचं?"

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण याच १.६१८ वरून माझं आणि माझ्या साडूंचं २०२१ पासून वाजतंय.

फरक आधी सांगतो. रिट्रेसमेंट म्हणजे झालेल्या चालीतलं किती परत गेलं ते. शेअर ४०० वरून ५०० ला गेला तर ३८.२ टक्के परत म्हणजे ४६१.८, ६१.८ टक्के परत म्हणजे ४३८.२. या सगळ्या लेव्हल ४०० ते ५०० च्या आतच पडतात आणि त्या भावांना नुकताच व्यवहार होऊन गेलेला असतो, कोणाचा तरी माल तिथला असतो, कोणाचं तरी घ्यायचं राहून गेलेलं असतं, म्हणून तिथे भाव थबकला तर त्याला निदान काही कारण तरी असू शकतं. आणि ४०० तुटलं की विषय संपला, आपला अंदाज चुकला हे चार्टच सांगतो.

एक्स्टेन्शन ५०० च्या वरचं. तिथे, विशेषतः ऑल टाइम हायच्या वर, कधी व्यवहारच झालेला नाही. अडकलेलं कोणी नाही, जुना सपोर्ट नाही, रेझिस्टन्स नाही, फक्त गुणाकार आहे. त्यामुळे एक्स्टेन्शन चुकलं असं कधी म्हणताच येत नाही, भाव आला नाही तर लोक म्हणतात येईल, पुढे गेला तर म्हणतात पुढची लाइन बघा. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

आता गंमत अशी की "एक्स्टेन्शन" या एकाच नावाखाली लोक दोन वेगळे हिशोब करतात. एक दोन बिंदूंचा. TradingView वर Fib Retracement घेऊन तीच पट्टी १०० च्या पुढे ओढायची, म्हणजे ४०० + १०० × १.६१८ = ५६१.८. दुसरा तीन बिंदूंचा, तिथे Trend-Based Fib Extension नावाने आहे. त्यात तळ, शिखर आणि मग भाव खाली येऊन जिथून परत फिरला तो बिंदू असे तीन क्लिक करायचे, आणि मोजणी त्या तिसऱ्या बिंदूपासून सुरू होते. म्हणजे भाव ४६१.८ वरून फिरला तर १०० टक्क्यांचं टार्गेट ४६१.८ + १०० = ५६१.८.

दोन्हीकडे ५६१.८ आलं ना? आमचे साडू याला "डबल कन्फर्मेशन" म्हणतात. हजारो रुपये भरून क्लास केलाय त्यांनी आणि तिथे म्हणे हीच स्लाइड दाखवून टाळ्या घेतल्या. अहो, २ मधून ०.३८२ वजा करा, १.६१८ च येणार! भाव ३८.२ टक्क्यांवरून फिरला की पहिल्या पट्टीचं १.६१८ आणि दुसऱ्या पट्टीचं १.० हे एकाच भावावर पडलंच पाहिजे, शेअर कुठलाही असो, टोमॅटोचा भाव लावा तरी पडेल. ही दोन माणसांची साक्ष नाही, एकच माणूस दोनदा बोलतोय. तसंच भाव ६१.८ वरून फिरला आणि तुम्ही तीन बिंदूंचं ०.६१८ टार्गेट काढलंत तर ते बरोब्बर ५०० येतं, म्हणजे जुनं शिखरच, त्याला टार्गेट म्हणून काय उपयोग. करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता २०२१ ची गोष्ट. कोरोनाचे दिवस, मोजक्या माणसांची मुंज होती घरात, फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. पंगत उठायच्या आत साडूंनी मोबाइलवर निफ्टीचा चार्ट काढला. जानेवारी २०२० चं शिखर साधारण १२,४३०, मार्च २०२० चा तळ ७,५११, मधलं अंतर ४,९१९. याला १.६१८ ने गुणून तळात मिळवलं की १५,४७० येतं, आणि निफ्टी त्याच आठवड्यात १५,४३१ ला लागून खाली वळला होता. "बघा, चाळीस पॉइंटाचा फरक. टार्गेट पूर्ण. आता सगळं विका." आणि नुसतं बोलून थांबले नाहीत, सासूबाईंचा इंडेक्स फंड त्याच आठवड्यात काढायला लावला. मी नको म्हणालो तर "तुम्ही क्लास केलाय का?"

त्यांचं जे खरं आहे ते द्यायला माझी ना नाही. त्याच पट्टीवर खालून वर येताना ६१.८ ची लेव्हल १०,५५० ला होती आणि जून २०२० मध्ये निफ्टी तिथेच काही दिवस अडकला होता. नोव्हेंबरात १२,४३० च्या वर ब्रेकआउट झाला, मग १२७.२ ची लाइन १३,७६८ ला होती आणि २१ डिसेंबरला निफ्टी तिथूनच चारशेच्या वर कोसळला. पण त्या दिवशी ब्रिटनमधल्या कोरोनाच्या नव्या प्रकाराची बातमी होती आणि जगभरचे बाजार पडले होते, हे साडू सांगत नाहीत, आणि निफ्टी त्याच महिन्यात त्या लाइनच्या वर गेला हेही नाही.

मग पुढे काय झालं? फेब्रुवारीनंतर निफ्टी एप्रिलमध्ये १४,१५० पर्यंत आला खरा आणि तेवढे दोन महिने साडूंचा फोन रोज यायचा. मे संपताना जुना हाय तुटला. पट्टीवरची पुढची लाइन २ पट, म्हणजे १७,३५०. सप्टेंबरात निफ्टी तिच्यापाशी काही दिवस घुटमळला आणि मग तिला ओलांडून वर निघून गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,६०० ला शिखर केलं, तिथे साडूंच्या पट्टीवर काहीच नव्हतं. तर दिवाळीत आले आणि म्हणाले, सेटिंगमध्ये २.२३६ चालू करायचं राहिलं होतं, ते १८,५१० येतं बघा! आता यावर काय बोलणार. १.२७२, १.४१४, १.६१८, २, २.२३६, २.६१८ एवढ्या लाइन चालू ठेवल्या तर वर जाताना भाव कुठल्या ना कुठल्या लाइनच्या जवळ थांबणारच. २.६१८ म्हणजे साधारण २०,३९०, ती यायला डिसेंबर २०२३ उजाडलं, आणि आली तीही विधानसभांच्या निकालानंतरच्या गॅप-अपमध्ये, म्हणजे लाइनवर त्या दिवशी व्यवहारच झाला नाही.

आणि स्विंग कुठला धरायचा हा प्रश्न तर विचारूच नका. तोच ब्रेकआउट घ्या, फक्त तीन बिंदूंनी मोजा: तळ ७,५११, ऑगस्ट २०२० चं शिखर ११,७९४, सप्टेंबरचा तळ १०,७९०. पहिली चाल ४,२८३ ची, ती १०,७९० मध्ये मिळवली की १०० टक्क्यांचं टार्गेट येतं १५,०७३. साडूंच्या आकड्यापेक्षा चारशे खाली. तिसरा कोणी लॉग स्केलवर मोजणारा असेल (TradingView मध्ये Fib levels based on log scale अशी टिक असते) तर त्याचं १.६१८ जातं १६,९७० च्या आसपास, कारण तिथे पॉइंट नाही, टक्के मोजले जातात. एकच बाजार, एकच ब्रेकआउट आणि टार्गेटं १५,०७३, १५,४७०, १६,९७०. मार्च २०२० सारखी मोठी चाल असली की हा फरक अंगावर येतो, दोन-तीन आठवड्यांच्या छोट्या स्विंगमध्ये तो किरकोळ राहतो.

तुम्ही विचारलंत की कितपत धरायचं. मी धरतो, पण विकायची तारीख म्हणून नाही, सौदा घ्यायचा की नाही हे ठरवायला. वरचाच शेअर घ्या. ५०० च्या वर क्लोजिंग मिळालं, समजा ५०२ ला घेतला, स्टॉपलॉस तिसऱ्या बिंदूच्या खाली म्हणजे ४६० ला. धोका ४२ रुपये. १.२७२ चं टार्गेट ५२७, म्हणजे मिळणार २५. असा सौदा कशाला करायचा? १.६१८ चं ५६१.८, म्हणजे साठ रुपये, इथे निदान दीडपटीच्या जवळ तरी पडतं. खूप जण १.२७२ ला "पहिलं टार्गेट" म्हणून अर्धा माल विकतात आणि स्टॉपलॉस मात्र तिथेच ४६० ला ठेवतात, मग महिनाअखेर विचारतात की दहातले सात सौदे बरोबर येऊनही पैसे का नाहीत. अर्धा विकलात तर उरलेल्याचा स्टॉप वर घ्या, एवढं तरी करा.

दुसरं म्हणजे तिसरा बिंदू आधी पक्का होऊ द्या. भाव ४६१ वरून फिरतोय असं वाटलं म्हणून क्लिक करून टार्गेट काढलं, मग तो ४५० ला गेला, की टार्गेट आपोआप ५५० होतं, आणि ४४० ला गेला तर ५४०. जोवर ५०० च्या वर क्लोजिंग नाही तोवर तो बिंदू कच्चा. तुमचं टार्गेट दर दोन दिवसांनी खाली सरकतंय असं दिसलं तर समजा की ब्रेकआउट झालेलाच नाही, तुम्ही घाई केलीत. आणि वर जाऊन परत ५०० च्या खाली क्लोजिंग दिलं तर वरच्या सगळ्या लाइन पुसून टाका, त्या आता कशाच्याच नाहीत.

१.६१८ ला पोचल्यावर मी स्वतः काय करतो, तर थोडं विकतो आणि बाकीच्याला मागच्या छोट्या तळाखाली स्टॉप लावून सोडून देतो. निफ्टीतही तेच केलं. फेब्रुवारी २०२१ चा तळ एप्रिलमध्येही तुटला नाही, म्हणून मी आत राहिलो. साडू म्हणतात ते नशीब होतं, आणि मी पूर्ण नाही म्हणणार नाही. पण सासूबाईंचा फंड आम्ही परत घ्यायला लावला तेव्हा निफ्टी सतरा हजारांच्या वर होता, त्याचा हिशोब त्यांनी अजून दिलेला नाही.

हो, हे राहिलंच. मी सेबीचा नोंदणीकृत सल्लागार वगैरे नाही, कापडाचं दुकान आहे. वरचं सगळं कॅशमधल्या शेअरसाठी आहे, ऑप्शनमध्ये भाव टार्गेटला आला तरी उशिरा आला तर प्रीमियम गेलेला असतो, तिथे या लाइन लावू नका. आणि सर्किट लागणाऱ्या छोट्या शेअरमध्ये तर मुळीच नको, तिथे स्टॉपलॉसच लागत नाही. साडूंनी हे वाचलं तर त्यांनी कमेंटमध्ये २.२३६ लिहू नये, ते माझ्या चार्टवर बंद आहे.