सोडियमची डी-१ रेषा चार भागांत का फुटते?

प्रश्न: कॅडमियमची लाल रेषा चुंबकीय क्षेत्रात तीन भागांत फुटते, मग सोडियमच्या डी-१ रेषेचे चार भाग का होतात? लँडे गुणकाचे सूत्र पाठ आहे, पण तो नेमके काय करतो?

पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी कॅडमियमच्या ६४३.८ नॅनोमीटरच्या रेषेपासून सुरुवात करतात, त्यामुळे तीन भाग हा नियम आणि चार हा अपवाद, अशी समजूत होते. वस्तुस्थिती उलट आहे.

क्षीण क्षेत्रात प्रत्येक उपपातळी g m μB B इतकी सरकते. यातील μB B सर्व पातळ्यांना समान असते, g मात्र ज्या त्या पातळीचा स्वतःचा असतो. कॅडमियमच्या त्या रेषेच्या दोन्ही पातळ्यांत एकूण स्पिन शून्य असल्याने दोन्हीकडे g = 1 येतो; म्हणून नऊ संक्रमणे होत असली तरी ती एकमेकांवर पडून तीनच रेषा दिसतात.

स्पिन शून्य नसेल तेव्हा अडचण सुरू होते. स्पिनचे चुंबकीय परिबल त्याच्या कोनीय संवेगाच्या मानाने कक्षीय गतीच्या दुप्पट असते, त्यामुळे अणूचे एकूण परिबल एकूण कोनीय संवेग J च्या रेषेत राहत नाही. L आणि S हे J भोवती वेगाने फिरत असल्याने परिबलाचा J ला लंब असलेला भाग सरासरीत नाहीसा होतो आणि J च्या दिशेचा घटकच बाह्य क्षेत्राला जाणवतो. हा घटक किती, हे लँडे गुणक सांगतो:

g = 1 + [J(J+1) + S(S+1) − L(L+1)] / 2J(J+1)

डी-१ साठी वरची पातळी ²P₁/₂ आहे. तेथे कंसातील बेरीज ३/४ + ३/४ − २, म्हणजे −१/२ येते; तिला ३/२ ने भागून १ मध्ये मिळवल्यास g = २/३. खालच्या ²S₁/₂ पातळीसाठी L शून्य असल्याने g = २. आता m न बदलणारी दोन संक्रमणे घ्या; μB B च्या एककात त्यांचे सरकणे: १/३ − १, म्हणजे −२/३, आणि दुसरे +२/३. m एकाने बदलणाऱ्या संक्रमणांचे सरकणे ±४/३ येते. मूळ जागी एकही रेषा उरत नाही, आणि हीच डी-१ ची ओळख आहे. क्षेत्राला लंब दिशेने पाहिल्यास आतील जोडीचे ध्रुवण क्षेत्राला समांतर, तर बाहेरील जोडीचे लंब दिसते. क्षेत्राच्या दिशेने पाहिल्यास आतील जोडी नाहीशी होते.

०.५ टेस्लाला μB B/h सुमारे ७ गिगाहर्ट्झ असते, म्हणजे तरंगलांबीत जेमतेम ०.००८ नॅनोमीटर, साध्या वर्णपटमापकाने हे दिसण्याची आशा धरू नये, त्यासाठी फॅब्री-पेरो लागतो.

'क्षीण' हा शब्दही सापेक्ष आहे. डी-१ आणि डी-२ यांच्यातील अंतर सुमारे ५१५ गिगाहर्ट्झ असल्याने ७ गिगाहर्ट्झ त्यापुढे नगण्य ठरतात. क्षेत्र इतके वाढले की ही दोन्ही मूल्ये तुल्य व्हावीत, तर L आणि S यांची J भोवतीची जोडणी सुटू लागते आणि वरील सूत्र लागू राहत नाही.